दाजींचे सोळा तास

उपवास ही माणसाने शोधलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत गूढ विद्या आहे. ती साधायला कुणाला तप लागलं, कुणाला अख्खं आयुष्य. आमच्या दाजींना अकरा मिनिटं लागली. व्हिडिओ तेवढाच होता, आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं घंटेचं बटण दाबा हे सांगण्यात गेली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. तलवाड्याला त्यांची शेती आहे आणि ते पंचायत समितीचे माजी सदस्य आहेत. निवडणूक हरून बरीच वर्षं झाली, पण ‘माजी’ हे पद कुणाला काढून घेता येत नाही, त्यामुळे ओसरीवर माणसांची ये-जा अजून तशीच आहे. मी बीडला दवाखाना चालवतो. साखर आणि रक्तदाब ही माझी दोन पिकं. पाऊस हुकला तरी ती हुकत नाहीत. दाजी माझ्याकडेच दाखवतात. साखरेसाठी सकाळी न्याहारीआधी एक गोळी, रात्री जेवणानंतर दुसरी, असं त्यांचं कित्येक वर्षं चाललं होतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी ते फाइल घेऊन आले. पेशंटांची रांग होती, पण दाजी रांगेत बसत नाहीत. रांगच त्यांना जागा देते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “डॉक्टर, गोळ्या बंद करायच्या.”

“कोणी सांगितलं?”

“शरीरानं सांगितलं.”

फाइल उघडली. दोन महिन्यांत वजन पाच किलो उतरलं होतं. उपाशीपोटीची साखर इतक्या वर्षांत मी कधी पाहिली नव्हती इतकी चांगली होती. मी कागद उलटसुलट करून नाव तपासलं. दाजींचंच होतं.

“काय केलंत?”

“सोळा तास उपास, आठ तासात जेवन. दुपारी बारा ते राती आठ. बाकी पानी.” त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, भाषणाआधी ते असंच करतात. “सोळा तास पोटात काई न्हाई गेलं की पेशी सोताला झाडून काढतेत. आतली घान आतच जाळतेत. वजन उतरतं ते तर सोडाच डॉक्टर, वजन म्हंजी वरवरचं. खरी गंमत आत हाय.”

नेमका हाच प्रश्न होता, आणि दाजींनी तो मोठमोठ्या परिषदांपेक्षा नीट मांडला होता. कमी खाल्लं की वजन उतरतं आणि वजन उतरलं की साखर सुधारते, यात कुणाचा वाद नाही. पण उपाशी राहण्याच्या तासांमध्ये त्याहून वेगळं, त्याहून जास्त काही आहे का?

“झाडण्याचं खरं आहे,” मी म्हणालो. “पेशी आपल्यातलाच मोडका माल मोडून पुन्हा वापरतात. यीस्टमध्ये, उंदरांमध्ये ते स्पष्ट दिसलंय. पण उंदीर एक दिवस उपाशी राहिला की त्याचं वजन दिसण्याइतकं उतरतं, आणि चार-पाच दिवसांत तो मरूही शकतो. तुम्ही चार दिवस उपाशी राहिलात तर फक्त चिडाल. उंदराचा एक दिवस म्हणजे तुमचा एक दिवस नाही. माणसात सोळा तासांनी हे काम किती वाढतं, ते नीट मोजता आलेलं नाही.”

“माझं काय मग? मी काय उंदीर हाव का?”

“तुम्ही एकटे आहात. एकट्या माणसावरून सगळ्यांचं ठरवता येत नाही.”

“आनि ते मेंढरावालं? ते रोज दोनदाच जेवतंय. साखर न्हाई, बीपी न्हाई. आमच्याच रानात हाय, येऊन बघा.”

असे तीन पुरावे झाले: उंदीर, दाजी आणि मेंढपाळ. मी बऱ्याच वैद्यकीय व्याख्यानांना बसलोय. त्यांतल्या काहींकडे याहून कमी होतं, आणि चहापाणी मात्र याहून चांगलं होतं.

निघताना दाजींनी खरी गोष्ट सांगितली. माघात गावच्या सभामंडपात उपवासावर शिबिर होतं. पुण्याहून व्याख्याते येणार होते आणि दाजी मंचावर ‘आदर्श’ म्हणून बसणार होते. गोळ्यांची पाकिटं सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकायची, असं ठरलं होतं. “डबा बी आनलाय,” ते म्हणाले. “स्टीलचा.”

मला डब्याची काळजी नव्हती. तलवाड्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर साखरेची गोळी घेणारी किती माणसं आहेत हे मला माहीत होतं, कारण त्यांतली बरीचशी माझीच आहेत. दाजींनी जे टाकलं ते ती टाकणार. दाजींच्या शब्दावर त्यांनी याआधी विहिरी खोदल्या होत्या आणि मतं टाकली होती. विहिरीला काही ठिकाणी पाणी लागलंही होतं.

“रविवारी येतो,” मी म्हणालो. “तोवर गोळ्या चालू ठेवा.”

रविवारी अकराच्या सुमारास पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. थंडी पडायला लागली होती तरी त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. हाताची बोटं थरथरत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखायला एक क्षण जास्त घेतला.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “ईख बाहेर पडतंय, अंगातलं जहर. व्हिडिओत सांगितलंय, कपाळाला घाम आला की समजायचं, ईख निगालं.”

मी पिशवीतून यंत्र काढून बोट टोचलं. अठ्ठावन्न. आक्काला हाक मारून पाण्यात साखर कालवायला सांगितली. दाजींनी तोंड मिटलं. बाराला अजून पाऊण तास होता.

“अहो, प्या म्हनते ना,” आक्का म्हणाली. तिने ग्लास त्यांच्या ओठाला लावला आणि दुसरा हात मानेमागे घातला. लहान मुलाला औषध पाजावं तसं तिने माजी सदस्यांना साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, मग भाकरी खाऊ घातली. मग त्यांना आठवलं की मी कोण आहे, आणि मग लगेच हेही आठवलं की ते कोण आहेत.

घडलं होतं ते साधं होतं. त्यांची सकाळची गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. ती जेवणाच्या तोंडावर घ्यायची, म्हणजे आलेल्या इन्सुलिनला काम मिळतं. दाजी ती सवयीने सकाळी सातला घेत होते आणि जेवत होते बाराला; दवाखान्यात मीही वेळ विचारली नव्हती. वजन उतरलं नव्हतं तोवर निभावलं. आता तीच गोळी जड झाली होती. मी ती अर्धी केली आणि बाराच्या पहिल्या घासावर हलवली. रात्रीची गोळी तशी बिचारी आहे, ती एकटी साखर अशी पाडत नाही. ती तशीच ठेवली.

“म्हंजी ईख नव्हतं,” दाजी म्हणाले.

“तुमच्या अंगात होती ती मी दिलेली गोळी.”

“मंग बराबर बोललो.”

दुपारी मी ओसरीवरच बसून राहिलो, दाजींवर लक्ष ठेवायला. तेवढ्या वेळात सहा जण येऊन गेले. एकाचा पांदणीच्या वाटेचा वाद, एकाची मुलीची सोयरीक, बाकीच्यांचं काहीच नाही. प्रत्येकासाठी आतून चहा आला. जेवणाची वेळ चालू असतानाही प्रत्येक वेळी दाजींनी हात आडवा धरला आणि म्हणाले, “माझा उपास हाय.” आलेला माणूस मान डोलावून एकट्यानेच चहा प्यायला. एका म्हाताऱ्याने विचारलंही, “उपासाला च्या चालतोय की.” दाजी म्हणाले, “हा तसला न्हाई. शहरातला हाय.”

पाहुणे गेल्यावर मी आक्काला विचारलं, “उपासाच्या आधी किती कप व्हायचे?”

आक्का भांडी घासत होती. तिने हात थांबवले नाहीत. “बारा म्हन. बाजारच्या दिवशी पंधरा. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर. कमी घातली की म्हनायचे, पाव्हना काय म्हनंल.”

“आणि आता?”

“आता एक. लई झालं तर दोन.”

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी रस्त्याकडे पाहिलं.

तलवाड्यात चहाला नाही म्हणता येत नाही. साखर आहे म्हणालं तर समोरचा म्हणतो, अर्धा कप तरी. डॉक्टरांनी बंद केलाय म्हणालं तर तो डॉक्टरांची जात आणि गाव विचारतो. नुसतं नको म्हणालं तर त्याला वाटतं, आपल्या कामाला हा नाही म्हणतोय. सगळ्या तालुक्यात एकच नकार असा आहे ज्याने कुणाचा अपमान होत नाही: माझा उपवास आहे. तो ऐकून माणूस उलट हात जोडतो. दाजींनी सोळा तास उपाशी राहून पेशी किती झाडल्या ते मला माहीत नव्हतं. पण त्यांनी रोजचं एका भरल्या ताटाहून जास्त अन्न टाळलं होतं, आणि ते अन्न आहे हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतकी वर्षं मी त्यांना ‘भात कमी करा’ सांगत होतो.

“चहात काय असतंय,” दाजी हळूच म्हणाले.

“मी तीस वरसं संकष्टी धरते,” आक्का आतून म्हणाली. “अंगारकीला लिंबागणेशला जाते. चंद्र उगवेपर्यंत काई न्हाई. माजं वजन कावून न्हाई उतरलं?”

“चंद्र उगवल्यावर काय खातेस?” मी विचारलं.

आक्काने घासलेलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाली, “मोदक.” थोड्या वेळाने म्हणाली, “आनि दिवसभर शेंगदान्याचा लाडू. तो उपासाचा हाय.”

उन्हं कलल्यावर आम्ही रानात गेलो. कापूस वेचून झाला होता आणि रानात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी शेतकरी बसवतात तशा. मेंढपाळ पन्नाशीचा, अंगाने सुतळीसारखा. कळप नुकताच परत आणून तो मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळ्या ताणत होता. दाजींनी त्याला माझ्यासमोर उभं केलं.

“सांग, दिवसातून किती येळा जेवतो?”

“सकाळी झुंजुमुंजूला एक भाकर. आता एक.”

“मदी?”

“मदी मेंढरं खात्यात.”

दाजींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. “बगा. उपास.”

मेंढपाळाने जाळीची गाठ मारता मारता मान हलवली. “न्हाई मालक. ह्याला उपास म्हनत न्हाईत. येळ न्हाई गावला असं म्हनतेत.”

मी त्याची परवानगी घेऊन बोट टोचलं. पहाटे एक भाकरी खाल्लेला माणूस, दिवसभर कळपामागे चाललेला, अजून संध्याकाळचं काही न खाल्लेला. यंत्राने पाच सेकंद घेतली आणि अठ्ठ्याऐंशी दाखवलं.

“काय बगितलं आत?”

“साखर.”

“मी तर साखर खाल्लीच न्हाई.”

हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेन. मी वीसेक वर्षं हा आकडा पाहतो आणि त्याला नॉर्मल म्हणून पुढचा पेशंट बोलावतो. त्या संध्याकाळी मात्र यंत्र हातात धरून उभा राहिलो. पहाटेची भाकरी दुपारच्या आतच संपली असणार. त्यानंतर या माणसाच्या यकृताने साठवलेला साठा मोजून मोजून रक्तात सोडला, जास्त नाही आणि कमीही नाही. तो साठा ओसरू लागला तेव्हा दुसरीकडून, चरबीच्या आणि प्रथिनांच्या तुकड्यांतून, नवी साखर घडवली. आणि पायांना सांगितलं की तुम्ही चरबीवर चाला, साखर डोक्यासाठी राहू द्या. त्याला यातलं काही कळवलं नाही. तो मेंढ्या मोजत होता. सकाळी माझ्या एका गोळीने हीच व्यवस्था दाजींच्या अंगात अडवली होती, तर त्यांना स्वतःचा मेव्हणा ओळखता येईना. पंचायत समितीला एका टँकरची वेळ पाळता येत नाही, आणि इथे मूठभर अवयव दिवसभर, न चुकता, कुणाच्याही सहीशिवाय.

“बगितलं ना?” दाजी म्हणाले.

“पाहिलं. पण हा रोज किती चालतो?”

मेंढपाळाने टेकडीकडे हात केला, मग नदीकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

“तुम्ही हे चालाल का?”

दाजींनी घराकडे पावलं वळवली. पण ते लोकांच्यातले पुढारी आहेत. समोरचा का मत देत नाही हे त्यांना कळतं. परत येताना बांधावर थांबून म्हणाले, “म्हंजी तुमचं म्हननं असं, की मी बारीक झालो ते उपासानं का चहा सुटल्यानं, हे सांगता येत न्हाई.”

“हो.”

“आनि मेंढरावालं निरोगी हाय ते दोनदा जेवल्यानं का चालल्यानं, हे बी न्हाई.”

“हो.”

“मंग कळनार कसं?”

शहाणे लोकही हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. मी सांगितलं: खाणं दोन्हीकडे तेवढंच ठेवायचं, फक्त वेळ बदलायची. चार आठवडे तेच अन्न सकाळपासून रात्रीपर्यंत पसरून, चार आठवडे तेच बारा ते आठमध्ये. तेवढ्याच भाकरी, तेवढाच चहा, तेवढंच चालणं. मग तासांमध्ये स्वतःचं काही असेल तर ते उरेल. जगात लोकांनी हेच केलंय. खाणं सारखं ठेवलं की दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरतं, असं बहुतेक चांगल्या चाचण्यांत दिसलंय. काही छोट्या चाचण्यांत मात्र लवकर जेवण आटोपणाऱ्यांचं इन्सुलिन वजन न उतरताही सुधारलं. पण तिथे माणसं मोजकी होती आणि आठवडेही थोडे. त्यामुळे दार पूर्ण बंद झालेलं नाही.

“आनि मी केलं तर?”

“तर तुमच्यापुरतं कळेल. जगाचं नाही.”

“माझं कळू द्या आदी,” दाजी म्हणाले. “शिबिरात माझंच सांगायचंय.”

आधी काय करायचं हे नाणं उडवून ठरवलं. नाणं माझं होतं म्हणून दाजींनी ते परत केलं आणि स्वतःच्या खिशातलं काढलं, मतमोजणीची सवय. पसरून जेवण्याची पाळी आधी आली. गोळी अर्धीच, दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणासोबत, दोन्ही पाळ्यांत. आणि चक्कर आली तर प्रयोग गेला उडत, आधी साखर खायची, हे मी आक्काकडून वदवून घेतलं.

मला वाटलं होतं की आठवडाभरात हे मोडेल. आक्काला मी ओळखत नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

तिने सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा मागवला आणि पीठ तोलायला लागली. दाजींची भाकरी वेगळ्या परातीत थापली जायची. तेल चमच्याने नाही, औषधाच्या टोपणाने. दिवसाला चहा तीन. पण पसरून जेवण्याच्या पाळीत मोठीच अडचण आली: दाजींना आता उपवास आहे असं सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, सांगा की. दाजी म्हणाले, “उपासावर खोटं बोलनार न्हाई.” निवडणुकीच्या राजकारणात उभं आयुष्य गेलेला माणूस हे म्हणाला आणि गंभीर होता. मी मान खाली घातली. आक्काने मग स्वतःच तोड काढली. पाहुणा आला की दोघांनाही कप यायचा. पाहुण्याच्या कपात चहा, दाजींच्या कपात गवती चहा उकळलेलं बिनसाखरेचं पाणी. दाजी ते फुंकून, चवीने पीत. चार आठवडे गावाला पत्ता लागला नाही.

रोज सकाळी ती त्यांचं बोट टोचायची. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला.

“भाऊ, तुजं यंत्र खोटं बोलतंय.”

“काय झालं?”

“एकाच बोटातून दोनदा बगितलं. एकदा एकशे सतरा, एकदा एकशे सव्वीस. मधी मिनिट बी न्हाई गेलं.”

“दोनदा का बघितलंस?”

“एकदा बगून खरं कसं समजायचं?”

मी दवाखान्यात खुर्चीवर मागे टेकलो. मोजमापात चूक किती असते हे आधी मोजायचं आणि मगच फरक बोलायचा, हे शिकवायला आम्हाला कॉलेजात सहा महिने लागले होते, आणि तरी वर्गातल्या निम्म्यांना ते कळलं नव्हतं. आक्का सातवी शिकलेली आहे. तिने ते भाकरी थापताना शोधून काढलं होतं. माणसं तोलायच्या मोठ्या काट्याचंही तिने तेच केलं. दाजींना सकाळी बाहेर जाऊन येण्याआधी आणि नंतर तोललं आणि कळवलं की अर्धा किलोच्या आतलं काही बोलायचंच नाही.

चार आठवडे संपले, मग दुसरे चार. आधी पसरून, मग बारा ते आठ. या पाळीत पाहुण्यांना पुन्हा ‘उपास हाय’ सांगता यायला लागलं आणि दाजी खुशीत आले. खाणं मात्र तेवढंच, परातीतलं तोललेलं. दिवसा आपण जेवलो की नाही हे माणसापासून लपवता येत नाही, हा या प्रयोगातला दोष होता. जगातल्या प्रत्येक अशा प्रयोगात तो असतो. दाजींना उपवासच जिंकायला हवा होता, आणि ते तो मनातल्या मनात जिंकवत होते. पण बोटातल्या रक्ताला ते माहीत नव्हतं.

शेवटच्या रविवारी आक्काने वही समोर ठेवली. मी दोन्ही पाळ्यांची सरासरी काढली, दोनदा काढली. वजनातला फरक आक्काच्या अर्ध्या किलोच्या आत होता. सकाळच्या साखरेतला फरक एकाच बोटातल्या दोन टोचण्यांतल्या फरकाहून कमी होता. पाच किलो उतरले होते ते तसेच उतरलेले राहिले होते, दोन्ही पाळ्यांत.

दाजींनी वही ओढून दोन्ही सरासऱ्यांवर बोट फिरवलं. त्यांना आकडे कळतात. “म्हंजी तासात काई न्हाई.”

“एवढ्यावरून असं म्हणता येत नाही. एवढंच, की असलं तर तुमच्यात आम्हाला सापडण्याइतकं मोठं नव्हतं.”

“तुमचं बोलनं लई सरळ नसतंय, डॉक्टर.”

“खरं तेवढंच आहे.”

आक्का म्हणाली, “पन चहा सुटला तो उपासानंच ना? मग फायदा उपासाचाच धरायचा का न्हाई?”

उपवासाने त्यांना एक कुंपण दिलं होतं. दिवसभर प्रत्येक कपाला नाही म्हणण्याऐवजी एकदाच नाही म्हणायचं. कुणाला हे कुंपण सोपं जातं, कुणाला ताटातलं मोजणं सोपं जातं. शरीराच्या दृष्टीने ते फक्त कमी खाणं असेल, पण ओसरीच्या दृष्टीने ते फार मोठं होतं. मी हे सगळं सांगितलं, तर आक्का म्हणाली, “मग तसं सांग की.”

शिबिराच्या दिवशी सभामंडप भरला होता. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर गावचे मान्यवर, सगळ्यात मागे उभे राहणारे. व्याख्याते चांगलं बोलले. त्यांचा आवाज चांगला होता आणि पडद्यावर पेशी हलत होत्या. मग त्यांनी दाजींना पुढे बोलावलं. डबा टेबलावर होता, चकचकीत, स्टीलचा. दाजींच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पाकिटं दिसत होती. मी चौथ्या ओळीत होतो. ते काय करणार हे मला खरंच माहीत नव्हतं. माइक हातात आला की दाजींचा वहीशी संबंध राहत नाही, हे मी निवडणुकीत पाहिलंय.

दाजींनी पाकिटं बाहेर काढली, हातात धरली.

“मी ह्या हितं टाकनार होतो,” ते म्हणाले. “टाकनार न्हाई.”

व्याख्याते हसले. त्यांना वाटलं, हा विनोद आहे.

“माझं वजन पाच किलो उतरलं. ते खरं हाय. मी समजत होतो, ते सोळा तासाच्या जादूनं उतरलं. मग माझ्या मंडळीनं दोन महिने माझी भाकर तोलून बगितली. चार आठवडे उपास, चार आठवडे बिनउपास, खानं तेवढंच. फरक न्हाई आला. मी दिवसाला बारा कप चहा पीत होतो, ते बंद झालं, म्हनून उतरलं.” ते थांबले. “तुमीच पाजत होता मला.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने विचारलं, “मंग उपास करावं का न्हाई?”

“जमत असंल तर करावं. न्हाई जमत तर कमी खावं, तेच हाय. पन गोळी चालू असंल तर आदी डॉक्टरला इचारावं. मी न्हाई इचारलं, तर मला माझा मेव्हना वळखू येईना.”

“आनि ते आतलं झाडायचं?”

दाजी माइकसमोर उभे राहिले. मी त्यांना याच मंडपात ऊस, पाणी, जात, शिक्षण आणि एकदा अणुऊर्जा या विषयांवर बोलताना ऐकलंय, आणि एकदाही ते अडखळले नव्हते.

“ते मला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “अजून कुनालाच नक्की म्हाईत न्हाई.”

भोंग्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी आजूबाजूला पाहिलं. माणसं त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी आजवर त्यांच्या कुठल्याच आश्वासनाकडे बघितली नव्हती. तलवाड्याच्या सभामंडपात एक पुढारी भर माइकवरून माहीत नाही म्हणाला होता, आणि छत जागेवर होतं. मंचाच्या कडेला आक्का बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती पदराने चष्मा पुसत होती.

व्याख्यात्यांनी मग आभार मानले, आणि नारळ वाटले गेले.

पंधरा दिवसांनी दाजी दवाखान्यात आले. या वेळी रांगेत बसले, किंवा बसल्यासारखं केलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट चांगला होता, वजन टिकलं होतं, साखर एकदाही पडली नव्हती.

त्यांची पहिल्या घासासोबतची अर्धी गोळी मी बंद केली, डब्याशिवाय. रात्रीची चालू आहे; ती जेवणानंतर घ्यायची असते.